ऐंशी गुण, तीन तास: बौद्ध अध्ययनाच्या पेपरमध्ये वेळ कुठे जातो?



पाली आणि बौद्ध अध्ययन घेऊन बी.ए., एम.ए. करणारी आपली मुलं-मुली जालना जिल्ह्यात थोडी नाहीत. भोकरदन, जाफ्राबाद, परतूर, मंठा, घनसावंगी अशा तालुक्यांतून ती येतात आणि परीक्षा देतात डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाची. अकरावी-बारावीला पाली विषय घेणारे वेगळेच. त्यांचा पेपर छत्रपती संभाजीनगर विभागीय मंडळाचा असतो. यांच्यापैकी अनेकांनी लिहिलेल्या सरावाच्या उत्तरपत्रिका आम्ही तपासल्या आहेत. त्यांत अभ्यास न केल्यामुळे गेलेले गुण आम्हाला वाटले होते त्यापेक्षा कमी निघाले. जास्त गुण गेले ते वेळ संपल्यामुळे, आणि तेसुद्धा येत असलेल्या प्रश्नांचे.

म्हणून आज अभ्यासाविषयी काही सांगणार नाही, फक्त घड्याळाविषयी बोलू.

आधी एक सरावाचा नमुना समोर ठेवू. तो विद्यापीठाचा अधिकृत आराखडा नव्हे. तुमच्या अभ्यासक्रमात प्रश्नांची संख्या वेगळी असेल, पण हिशोबाची पद्धत तीच राहील. पेपर ८० गुणांचा आणि तीन तासांचा आहे. विभाग अ मध्ये एकेका गुणाचे दहा वस्तुनिष्ठ प्रश्न. विभाग ब मध्ये सहापैकी चार टिपा, प्रत्येकी ५ गुण. विभाग क मध्ये तीनपैकी दोन पाली उतारे किंवा गाथा, त्यांचं भाषांतर आणि संदर्भासह स्पष्टीकरण, प्रत्येकी १० गुण. विभाग ड मध्ये चारपैकी दोन दीर्घोत्तरी प्रश्न, प्रत्येकी १५ गुण. म्हणजे १०, २०, २० आणि ३०.

तीन तास म्हणजे १८० मिनिटं. त्यातली पहिली दहा प्रश्नपत्रिका वाचायला आणि कोणते प्रश्न सोडवायचे ते ठरवायला ठेवा. शेवटची दहा तपासणीसाठी: प्रश्न क्रमांक बरोबर पडले का, पुरवण्या क्रमाने बांधल्या का, बैठक क्रमांक प्रत्येक पुरवणीवर लिहिला का. उरली १६० मिनिटं आणि गुण आहेत ८०. एका गुणाला दोन मिनिटं. एवढंच पाठ करायचं. १५ गुणांच्या उत्तराला अर्धा तास, १० गुणांच्या उताऱ्याला वीस मिनिटं, ५ गुणांच्या टिपेला दहा मिनिटं. वस्तुनिष्ठ विभागाला या हिशोबाने वीस मिनिटं येतात, पण तो दहा मिनिटांत होतो. वाचलेली दहा मिनिटं कोणत्याही प्रश्नाला देऊ नका, शिल्लक ठेवा. ती कुठे लागतात ते पुढे येईलच.

बारावीच्या मुलांसाठी इथेच सांगतो. मंडळाचा भाषेचा लेखी पेपरही ८० गुणांचा आणि तीन तासांचा असतो. २०२३ पासून मंडळाने शेवटी दहा मिनिटं वाढवून दिली आहेत. ती वाढीव मिनिटं सुरुवातीपासून हिशोबात धरू नका, शिल्लकीत टाका. आणि नेट देणाऱ्यांनी हा लेख बाजूला ठेवला तरी चालेल. तिथे १५० बहुपर्यायी प्रश्न असतात, प्रत्येकाला दोन गुण, चुकीच्या उत्तराला वजाबाकी नाही. तो हिशोबच निराळा.

आता एक खरी अडचण पाहू. मंठ्याकडच्या एका विद्यार्थिनीने हाच नमुना पेपर घड्याळ लावून सोडवला. वाचायला वेळ न घेता तिने थेट विभाग ड उघडला, कारण त्यातला पहिला प्रश्न तिचा आवडता होता. त्याला ५५ मिनिटं गेली. दुसऱ्या दीर्घोत्तरी प्रश्नाला ४५. मग पहिल्या उताऱ्याला ३० आणि दुसऱ्याला २०. वस्तुनिष्ठ विभागाला १०. चार टिपांसाठी उरली २० मिनिटं, आणि त्यात दोनच झाल्या. दीर्घोत्तरी प्रश्नांत तिला ११ आणि ९ गुण मिळाले, उताऱ्यांना ७ आणि ५, वस्तुनिष्ठला ७, आणि टिपांना वीसपैकी फक्त ५. एकूण ४४.

दोन आठवड्यांनी तिने दुसरा पेपर सोडवला, या वेळी दोन मिनिटांच्या हिशोबाने. दीर्घोत्तरीला प्रत्येकी ९ गुण पडले, म्हणजे त्या विभागात दोन गुण कमीच झाले. उताऱ्यांना ७ आणि ६, वस्तुनिष्ठला ८. चारही टिपा लिहून झाल्या आणि प्रत्येकीला ३ प्रमाणे १२ गुण आले. एकूण ५१. या दोन आठवड्यांत तिचा अभ्यास फारसा वाढला नव्हता. पहिल्या पेपरात एकाच उत्तरावर घातलेली जास्तीची २५ मिनिटं तिला दोन गुण देऊन गेली होती. तेवढ्याच वेळात दोन टिपा होतात आणि त्यांचे सहा गुण मिळतात.

असं का होतं, हे तपासणाऱ्याच्या बाजूने पाहिलं की कळतं. १५ गुणांच्या उत्तरातले पहिले सात-आठ गुण सहज मिळतात. व्याख्या बरोबर, मुख्य मुद्दे आले, ग्रंथाचं नाव आलं की तिथपर्यंत पोहोचता. पुढचे दोन-तीन गुण नेमक्या पुराव्यांसाठी आणि मांडणीसाठी असतात. त्यापुढचे गुण सहसा मिळतच नाहीत, मग तुम्ही आठ पानं लिहा की बारा. कोऱ्या टिपेचे पहिले तीन गुण मात्र तुमची वाट पाहत पडलेले असतात.

आपल्या मुलांच्या बाबतीत आणखी एक कारण आहे, आणि ते जरा नाजूक आहे. प्रश्न बाबासाहेबांवर आला की हात थांबत नाही. ‘चार आर्यसत्यांविषयी डॉ. आंबेडकरांची भूमिका स्पष्ट करा’ असा प्रश्न असतो, आणि उत्तरात महाडपासून १४ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या दीक्षा समारंभापर्यंत सगळा इतिहास येतो, बावीस प्रतिज्ञा येतात, शेवटी अभिवादनही येतं. जयंतीच्या व्यासपीठावर हे भाषण शोभतं. पेपरात विचारलं होतं एवढंच, की १९५७ साली प्रकाशित झालेल्या ‘द बुद्ध अँड हिज धम्म’च्या प्रास्ताविकात त्यांनी कोणते प्रश्न उपस्थित केले. तिथे चार प्रश्न आहेत: सिद्धार्थाच्या गृहत्यागाचं कारण, चार आर्यसत्यं मूळ शिकवणीतली आहेत का, अनात्मवादाशी कर्म आणि पुनर्जन्म कसे जुळतात, आणि भिक्खू संघाचा हेतू काय. उत्तराचा भर दुसऱ्यावर हवा आणि बाकीचे तीन पार्श्वभूमी म्हणून दोन ओळींत यायला हवेत. तपासणारा आंबेडकरी असला तरी भाषणाला गुण देता येत नाहीत, कारण त्याच्यासमोर प्रश्नाचे मुद्दे असतात. ज्या प्रश्नावर तुमचं मन जास्त आहे, त्याच्यासमोर वेळ पेन्सिलीने आधीच लिहून ठेवा. धोका तिथेच असतो.

दुसरा धोका याच्या उलट असतो. प्रतीत्यसमुत्पाद सगळ्यांना येतो, म्हणून पाच गुणांची टीप आली तरी पंधरा गुणांचं उत्तर लिहिलं जातं. पाच गुणांसाठी काय पुरेसं आहे ते पाहा. हे असेल तर ते होतं, हे नसेल तर ते होत नाही, हा अर्थ एका-दोन वाक्यांत. अविद्येपासून जरामरणापर्यंतची बारा निदानं क्रमाने, एकाच ओळीत बाणांनी जोडून. ही साखळी अनुलोम क्रमाने दुःखाची उत्पत्ती सांगते आणि प्रतिलोम क्रमाने निरोध, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या आर्यसत्याशी तिचं नातं, हे दोन वाक्यांत. दहा मिनिटं भरली. प्रत्येक निदानाचं वेगळं स्पष्टीकरण, तीन जन्मांवर साखळी बसवण्याची पारंपरिक रीत, तिच्यावरचे आक्षेप, हे सगळं पंधरा गुणांसाठी राखून ठेवा. येतं ते सगळं लिहायचा मोह आवरणं फार जड जातं, हे आम्हाला ठाऊक आहे. पण विषय तोच असला तरी पाच गुणांचं उत्तर आणि पंधरा गुणांचं उत्तर ही दोन वेगळी उत्तरं आहेत. घरी अभ्यास करतानाच एका विषयाची दोन्ही रूपं तयार करा.

मोठ्या उत्तराचा अर्धा तास आतून कसा वाटायचा, ते एका प्रश्नावर करून पाहू: ‘महाराष्ट्रात बौद्ध धम्माचा प्रसार कसा झाला?’ पहिली चार मिनिटं कच्च्या कामासाठी राखलेल्या पानावर मुद्दे आणि त्यांच्यासमोर गुण. सुरुवात, १ गुण. सुत्तनिपाताच्या पारायनवग्गातली बावरीची कथा, ३ गुण: गोदावरीकाठी राहणारा बावरी आपले सोळा शिष्य बुद्धांकडे पाठवतो आणि ते प्रतिष्ठान म्हणजे पैठणहून माहिष्मती, उज्जयिनी, विदिशा अशा वाटेने उत्तरेला जातात. अशोककाळातला धम्मप्रसार, ३ गुण: तिसऱ्या संगीतीनंतर मोग्गलिपुत्त तिस्स यांनी महाधम्मरक्खित थेरांना महारट्ठात पाठवलं, असं महावंस सांगतो. लेणी आणि दानलेख, ४ गुण: कार्ले, नाशिक, कान्हेरी, अजिंठा. यांच्या जोडीला पितळखोरे घ्या. तिथल्या लेखांत पैठणच्या सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्याचं दान नोंदलेलं आहे, म्हणजे राजांबरोबर व्यापारीही धम्माला आधार देत होते हे दाखवता येतं. व्यापारी मार्गावरची नगरं, ३ गुण. शेवट, १ गुण. बेरीज पंधरा.

नगरांच्या मुद्द्यात आपल्या जिल्ह्याचं नाव येतं, हे पुष्कळांच्या लक्षातच येत नाही. भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. सांचीच्या स्तूपावरच्या दानलेखांत भोगवर्धनच्या दात्यांची नोंद आहे. भोकरदनच्या उत्खननात हस्तिदंती स्त्रीमूर्तीचा भाग सापडला, आणि तिचं साम्य इटलीतल्या पाँपेईत सापडलेल्या हस्तिदंती मूर्तीशी अभ्यासक दाखवतात. पाँपेई इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीखाली गाडलं गेलं, त्यामुळे काळही आपोआप कळतो. हे चार वाक्यांत लिहा. भोकरदनचा विद्यार्थी यावर दोन पानं लिहील आणि आम्हाला त्याचं कौतुकच वाटेल, पण गुण तीनच आहेत.

कच्च्या पानावरच्या या गुणांचा उपयोग लिहिताना होतो. ३ गुणांच्या मुद्द्याला पाच मिनिटं, ४ गुणांच्या मुद्द्याला सात. सुरुवात आणि शेवट प्रत्येकी दोन मिनिटं. तीन मुद्द्यांची १५, एका मुद्द्याची ७, दोन्ही टोकांची ४, म्हणजे २६. चार मिनिटं आराखड्याची धरून अर्धा तास झाला. या २६ मिनिटांत तुमचे किती शब्द होतात ते आधी माहीत हवं. घरी दहा मिनिटं, पुस्तक न पाहता, माहीत असलेल्या विषयावर लिहा आणि शब्द मोजा. समजा १४० भरले, तर २६ मिनिटांत साधारण ३६० शब्द होतील. तुमचं १५ गुणांचं उत्तर तेवढंच असणार आहे. मार्गदर्शकातलं नऊशे शब्दांचं उत्तर पाठ करून गेलात तर ते अर्ध्यावरच तुटणार, आणि तुटतं तेही नेमकं लेण्यांच्या आधी, जिथे गुण जास्त आहेत.

उताऱ्याच्या प्रश्नात वेळ वेगळ्या रीतीने जातो. धम्मपदातल्या यमकवग्गाची पहिली गाथा आली असं धरा. दहा गुण आम्ही असे पाडतो: संदर्भ २, भाषांतर ४, स्पष्टीकरण ४. प्रश्नपत्रिकेत वाटणी छापली असेल तर अर्थातच तीच धरा. संदर्भात सुत्तपिटक, खुद्दकनिकाय, धम्मपद, वग्गाचं नाव आणि अट्ठकथेत ही गाथा चक्खुपाल थेरांच्या प्रसंगाशी जोडली आहे हे आलं की चार मिनिटांत काम झालं. अडकायला होतं ते भाषांतरात. एक शब्द आठवत नाही, मुलगा पेन खाली ठेवतो, छताकडे बघतो, आठ मिनिटं जातात आणि घाम फुटतो. याला एकच उपाय आम्हाला सापडला आहे. शब्द एका मिनिटात आठवला नाही तर तेवढी जागा कोरी सोडा आणि वाक्य पुढे न्या. एका शब्दाने फार तर अर्धा गुण जातो. स्पष्टीकरण लिहिताना तो शब्द पुष्कळदा आपसूक सुचतो, कारण तेव्हा गाथेचा अर्थ डोक्यात फिरत असतो.

आता विभागांचा क्रम. पहिल्यापासून शेवटपर्यंत सोडवत जायचं, की आवडीचं आधी? आमचं मत असं आहे: जो विभाग वेळ कमी पडल्यावर आटवता येतो, तो शेवटी ठेवा. टीप आटवता येते. दहाऐवजी सहा मिनिटं मिळाली तरी चार ओळींत तीन गुण निघू शकतात. भाषांतर आटवता येत नाही, कारण अर्ध्या गाथेचं भाषांतर म्हणजे अर्धेच गुण, शिवाय त्याला डोकं ताजं लागतं. दीर्घोत्तरी प्रश्न रबरासारखा ताणतो, म्हणून तो मधे ठेवावा, दोन्ही बाजूंना वेळेची भिंत असेल असा. म्हणून आमचा क्रम अ, क, ड, ब. विभाग अ पहिला, कारण एकेका शब्दाची उत्तरं लिहिताना हाताचा थरकाप कमी होतो. काही जणांना टिपा आधी लिहिल्याशिवाय धीर येत नाही. त्यांनी एक टीप आधी लिहावी, चारही नको.

पेपर सकाळी दहाला सुरू होतो असं धरलं तर घड्याळ असं चालेल. १०.१० पर्यंत वाचन आणि निवड. १०.२० ला विभाग अ संपला. ११ वाजता दोन्ही उतारे संपले. १२ वाजता दोन्ही दीर्घोत्तरी संपले. १२.४० ला चारही टिपा संपल्या. त्यानंतर दहा मिनिटं शिल्लक आणि दहा मिनिटं तपासणी. एवढ्या सगळ्यात घड्याळाकडे मुद्दाम बघायच्या वेळा तीनच: अकरा, बारा आणि बारा चाळीस. ज्यांना फार भीती वाटते ती मुलं दर पाच मिनिटांनी घड्याळ पाहतात आणि प्रत्येक वेळी लिहिण्याचा धागा तुटतो. घंटा झाली की तेवढ्यापुरती मान वर करा.

बारा वाजले आणि दुसरं दीर्घोत्तरी अजून अर्धं आहे. आता काय करायचं? उरलेले मुद्दे एकेका पूर्ण वाक्यात, तीन मिनिटांत लिहा, खाली अर्धं पान कोरं सोडा आणि टिपांकडे जा. समजा तरीही पंधरा मिनिटं उशीर झाला. टिपांची ४० आणि शिल्लक १० मिळून ५० मिनिटं होती, त्यातून १५ गेली, ३५ उरली. प्रत्येक टिपेला पावणेनऊ मिनिटं येतात. चारही टिपा होतात, फक्त प्रत्येकीतलं एक वाक्य कमी करावं लागतं. शिल्लक ठेवलेली दहा मिनिटं यासाठीच होती. उशीर झालाच नाही, तर त्या कोऱ्या अर्ध्या पानावर परत या.

याच जागी घाबरलेला विद्यार्थी आणखी एक गोष्ट करतो: निवडलेला प्रश्न अर्ध्यावर खोडून दुसराच सुरू करतो. गेलेली पंधरा मिनिटं परत येत नाहीत आणि नव्या उत्तरालाही अर्धा तासच लागतो. निवड पहिल्या दहा मिनिटांत करायची ती म्हणूनच. चारपैकी प्रत्येक प्रश्नासमोर मनात मुद्दे मोजा. ज्या प्रश्नाला चार मुद्दे आणि दोन ग्रंथांची किंवा स्थळांची नावं सुचतात तो घ्या. एकदा घेतलेला प्रश्न सोडायचा नाही. तसंच ‘कोणतेही दोन’ म्हटलेलं असताना तिसरा लिहून ठेवू नका. तो तपासला जाईलच याचा भरवसा नाही, आणि त्याचा अर्धा तास दुसऱ्या कुठल्या तरी उत्तरातून गेलेला असतो.

सरावाचं म्हणाल तर दहा पेपर सोडवायला नकोत, तीन पुरेत. पण ते पूर्ण तीन तासांचे, एका बैठकीत, मोबाइल दुसऱ्याकडे देऊन. पहिला पेपर जसा जमेल तसा सोडवा, फक्त प्रत्येक उत्तर संपल्यावर समासात वेळ टाका. घरी गर्दी असेल तर विहारात किंवा वाचनालयात बसा. विहारात दोघं-तिघं मिळून बसलात तर एकमेकांच्या उत्तरपत्रिका तपासता येतील. तपासताना आधी फक्त समासातल्या वेळा पाहा आणि कोणत्या उत्तराने कोणाची मिनिटं खाल्ली ते लाल पेनाने लिहा. गुण त्यानंतर द्या. दुसऱ्या पेपरला त्याच प्रश्नासमोर ठरलेली वेळ आधीच पेन्सिलीने लिहून बसा आणि संपल्यावर खरी वेळ तिच्याशेजारी टाका. दोहोंतला फरक पाच मिनिटांच्या आत आला की तिसरा पेपर परीक्षेच्या आधीच्या आठवड्यात, परीक्षेच्याच वेळेला सोडवा.